वस्तीतल्या वाचन-खेळ क्लबसाठी नवीन ताई-दादांची तयारी कशी करून घ्यायची

समाजमंदिराची किल्ली मिळाली, चटया आहेत, कपाटात शंभरेक पुस्तकं जमलीत, आणि अकरावी-बारावीची, एफवाय-एसवायची आठदहा मुलंमुली म्हणतायत की आम्ही दर शनिवारी येतो. आता लगेच क्लब सुरू करावासा वाटतो, पण माझं सांगणं आहे की आधी दोन रविवार फक्त या ताई-दादांसाठी ठेवा, वस्तीतली मुलं न बोलावता. कारण पहिल्याच शनिवारी पस्तीस-चाळीस मुलं हॉलमध्ये शिरतात, हॉल घुमतो, आणि ज्यांनी कधी सात मुलांसमोरही पुस्तक धरलेलं नाही ते गांगरून जातात, मग ओरडायला लागतात. एकदा ओरडून गप्प बसवायची सवय लागली की ती सोडवणं फार अवघड.

तयारी म्हणजे भाषण नको. बालमानसशास्त्रावर एक तास बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मते नवीन माणसाला तीनच गोष्टी हातात बसल्या पाहिजेत: गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं, हॉलमध्ये एक खेळ घेणं, आणि खेळातून गोष्टीकडे मुलांना आणणं. बाकी सगळं काम करता करता येतं. या तिन्ही गोष्टींची तालीम करायची, नाटकाची करतात तशी.

पहिला रविवार: पुस्तक वाचून दाखवणं

पुस्तक निवडण्यापासूनच सुरुवात करा, आणि ते ताई-दादांनाच निवडू द्या. कपाटातली वीसेक पुस्तकं चटईवर पसरा आणि सांगा, पंधरा मुलांना एकत्र वाचून दाखवायला चालेल असं एक उचला. बहुतेक जण जाड, छान बोध असलेलं, बारीक अक्षरातलं पुस्तक उचलतात. तेव्हा त्यांना पुस्तक हातात धरून उभं करा आणि बाकीच्यांना आठ फुटांवर बसवून विचारा, चित्रात काय दिसतंय. दिसत नसेल तर ते पुस्तक या कामाचं नाही, ते घरी न्यायला ठेवायचं. ग्रुपला वाचायला मोठी चित्रं, एका पानावर दोन ते चार ओळी, बारा ते चोवीस पानं असलं पुस्तक बरं पडतं. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांच्याकडे असली मराठी पुस्तकं मिळतात. पैसे कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या असतात आणि डाउनलोड करून प्रिंटही काढता येतात. फक्त प्रिंट रंगीत आणि ए-फोर साइजपेक्षा लहान नको, नाहीतर मागच्यांना काही दिसत नाही.

आता धरायचं कसं. नवीन माणूस पुस्तक स्वतःच्या तोंडासमोर धरतो, आणि मधेमधे उलटं करून मुलांना चित्र दाखवतो. त्यात गोष्ट तुटते आणि "मला नाही दिसलं, मला नाही दिसलं" सुरू होतं. पुस्तक एका बाजूला, छातीच्या उंचीवर, पानं कायम मुलांकडे तोंड करून धरायची आणि आपण मान वळवून बाजूने वाचायचं. हे पहिल्यांदा फार अवघड जातं, ओळ सापडत नाही. म्हणून गोष्ट घरी दोन-तीनदा मोठ्याने वाचून आलीच पाहिजे, म्हणजे अर्धी ओळ बघितली तरी पुढची तोंडात येते. पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. आणि खिडकीला पाठ करून बसायचं नाही, मागून उजेड आला की पुस्तक काळं दिसतं. भिंतीला पाठ, मुलं समोर अर्धगोलात, वाचणारा बुटक्या स्टुलावर. एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे कुठे थांबायचं. एक उदाहरण घेऊन सांगते. समजा सोळा पानांची गोष्ट आहे, एका कोंबडीला अंडं घालायला जागा हवीय. ती चुलीपाशी जाते, तिथे गरम. ती टोपलीत बसते, तिथे मांजर. ती गोठ्यात जाते, तिथे म्हशीची शेपटी. शेवटी ती बाबांच्या हेल्मेटमध्ये अंडं घालते आणि सकाळी बाबा कामावर निघतात.

नवीन दादा काय करतो, तर प्रत्येक पानावर थांबतो. हा कोणता प्राणी? रंग कोणता? चूल म्हणजे काय? तुमच्या घरी गॅस आहे का चूल? पाचव्या पानापर्यंत मुलं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायला लागतात. एका गोष्टीत तीनच थांबे ठेवायचे आणि तिथे आधीच कागदाची चिठ्ठी लावून ठेवायची. पहिला थांबा मुखपृष्ठावर: "ही कोंबडी काय शोधत असेल?" दुसरा मधे, जिथे पुढे काय होईल ते खरंच सांगता येत नाही तिथे. आपल्या गोष्टीत तो गोठ्यानंतरच्या पानावर येतो: "आता ही कुठे जाईल?" तिसरा शेवटी, आणि तो प्रश्न असा हवा की ज्याचं एकच बरोबर उत्तर नसेल: "बाबांनी आता काय करावं?" मुलं सांगतात की टोपी घालून जावं, सुट्टी घ्यावी, कोंबडीला डोक्यावर घेऊन जावं. सगळी उत्तरं घ्यायची. "या गोष्टीतून आपण काय शिकलो" हा प्रश्न मात्र विचारायचाच नाही, तो ऐकला की मुलं शाळेत बसल्यासारखी ताठ होतात आणि "खोटं बोलू नये" असं काहीही सांगून मोकळी होतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं ही वेगळी तालीम आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण उभं राहून करून बघा, फार मोठे वाटतात. ताई-दादांना सांगा, प्रश्न विचारला की मनात एक-दोन-तीन-चार म्हणायचं आणि तोवर आपण उत्तर द्यायचं नाही, प्रश्न बदलायचाही नाही.

अवघड शब्द आला तर थांबून अर्थ सांगत बसायचं नाही. चित्रावर बोट ठेवायचं, किंवा शब्दाला लागूनच सोपा शब्द जोडून पुढे जायचं. "कोंबडी टोपलीत विसावली, निवांत बसली." मुलाने उत्तर हिंदीत दिलं, कन्नडमध्ये दिलं, गोरमाटीत दिलं तर ते तसंच घ्यायचं. आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये एका चटईवर चार घरच्या भाषा असतात, आणि "मराठीत बोल" असं एकदा म्हटलं की ते पोर पुढचे तीन शनिवार बोलत नाही.

तालीम कशी बसवायची

तिघातिघांचे गट करा. एक वाचेल, एक मूल होईल, एक बघेल. मूल होणाऱ्याला चिठ्ठी द्या, वाचणाऱ्याला न दाखवता. चिठ्ठ्यांवर खरोखर घडतं तेच लिहा: "मला माहितीये ही गोष्ट, शेवटी अंडं हेल्मेटमध्ये!" किंवा "ताई, मला शू लागली" किंवा "हा मला ढकलतोय" किंवा नुसतं पाठ करून बसणं. वाचणाऱ्याने गोष्ट न सोडता हे कसं सांभाळायचं ते तिथेच सापडतं. शेवट माहीत असलेल्याला सांगायचं, "मग तू पान उलटायला ये, पण कोणाला सांगू नकोस". शू लागलेल्याला नुसतं दाराकडे बोट दाखवायचं आणि दारात उभा असलेला दुसरा दादा त्याला नेईल. ढकलाढकली होतेय तिथे शब्दाने काही बोलण्याआधी दुसऱ्या ताईने जाऊन त्या दोघांच्या मधे बसायचं, बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतं.

बघणाऱ्याने तीनच गोष्टी लिहायच्या: कडेला बसलेल्याला चित्र दिसलं का, प्रश्नानंतर किती सेकंद थांबले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आला का. "छान वाचलंस" असं सांगण्यात वेळ जातो आणि काही कळत नाही. प्रत्येकाला दोनदा वाचायला मिळालं पाहिजे, पहिल्यांदा वाचल्यावर बघणाऱ्याचं ऐकून लगेच तेच पुस्तक परत. नऊ जण असतील तर हे सगळं दोन-अडीच तासात होतं, मधे चहा धरून.

दुसरा रविवार: खेळ

खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेले असतात म्हणून वाटतं की याला काय तयारी लागते. पण खेळणं वेगळं आणि चाळीस मुलांना खेळवणं वेगळं, आणि ते समाजमंदिराच्या फरशीवर तर आणखीनच वेगळं.

एका खेळावर पूर्ण वेळ घालवा. मी विषामृत घेते, कारण त्यात कोणी कायमचं आऊट होत नाही. राज्य असलेल्याने हात लावून "विष" म्हटलं की पुतळा, आणि सुट्या गड्याने "अमृत" म्हणून हात लावला की परत सुटला. ज्या खेळात आऊट झालेलं मूल कडेला बसतं तिथे भांडणं कडेलाच सुरू होतात, आणि पहिल्यांदा आऊट होतात ती नेमकी लहान आणि लाजरी मुलं, ज्यांना खेळायची सगळ्यात जास्त गरज असते.

सूचना द्यायचा क्रम ताई-दादांकडून पाठ करून घ्या. आधी थांबायची खूण शिकवायची, मगच खेळ. खूण म्हणजे दादाने हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून जागीच उभं राहायचं, किंवा टाळ्यांचा एक ठेका, दादाने वाजवला की मुलांनी परत वाजवायचा. ही खूण खेळाआधी दोन-तीनदा खेळ म्हणूनच करून घ्यायची, पळा-थांबा-पळा-थांबा. शिट्टी नको, बंद हॉलमध्ये ती कानठळ्या बसवते आणि मुलंही त्यावर किंचाळतात. खूण बसली की हद्द दाखवायची, खडूने रेघ मारून, आणि ती भिंतीपासून दोन-तीन फूट आत, कारण पळणारं पोर भिंतीला हात टेकवून थांबतं आणि मनगट दुखावतं. मग दोघांना पुढे बोलावून खेळ करून दाखवायचा. तोंडी नियम तीन वाक्यांच्या वर गेले की कोणी ऐकत नाही. मग एक कच्चा डाव, मग पक्का.

तालमीत हेच करायचं, एकजण खेळ घेईल आणि बाकीचे मुलं होऊन खरंच पळतील. पळाल्याशिवाय कळत नाही की कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या धोक्याच्या आहेत, स्टेजची कड गुडघ्याला लागते, आणि मोजे घालून फरशीवर घसरायला होतं. ही यादी त्यांनीच करावी आणि दर शनिवारी मुलं यायच्या आधी कोणीतरी एकाने ती बघून घ्यावी. खेळताना सगळे अनवाणी, हा नियम पहिल्या दिवसापासून.

लहानांसाठी कच्चा लिंबू हा आपला जुना नियम अगदी उपयोगाचा आहे, पण नवीन दादा तो मोठ्याने जाहीर करतो, "हा कच्चा लिंबू आहे हां!" आणि सहा वर्षांच्या मुलाला ते लागतं. त्यापेक्षा प्रत्येक लहान मुलाला एक मोठा जोडीदार द्या, दोघांनी हात धरूनच पळायचं आणि दोघांना मिळून एकच विष. मोठी मुलं यामुळे आपोआप हळू पळतात.

खेळ बिघडतोय हे कशावरून ओळखायचं, तर गोंगाटावरून ओळखता येत नाही, चांगल्या खेळातही गोंगाट असतोच. बघायचं ते हे: तीच तीन-चार मुलं पळतायत का, कोणी खांबाला टेकून उभं आहे का, आणि पुतळा झालेलं मूल किती वेळ तसंच आहे. एखादी मुलगी पुतळा होऊन उभी आणि अमृत द्यायला कोणीच येत नाही असं दिसलं तर ताईने स्वतः खेळात शिरून तिला सोडवायचं आणि पुढच्या डावात राज्य असणारे दोन ठेवायचे किंवा हद्द लहान करायची, जे लागू पडेल ते. खांबाला टेकलेल्या मुलाला ओढून आणू नका. त्याला खुणेची टाळी वाजवायचं काम द्या, बहुतेक पुढच्या डावात ते स्वतःच येतं.

मधली पाच मिनिटं

सगळ्यात जास्त गडबड होते ती खेळ संपून गोष्ट सुरू व्हायच्या मधे, आणि याचीच तालीम कोणी घेत नाही. विषामृतातून थेट "चला बसा, गोष्ट" म्हटलं तर अर्धी मुलं अजून पळतच असतात आणि वाचणाऱ्याला ओरडावं लागतं. मधे एक पायरी लागते. आधी पाणी, पण सगळ्यांना एकदम नळावर सोडायचं नाही, गटागटाने. पाणी पिऊन येईल तसं चटईवर बसायचं आणि तिथे एक ताई आधीच बसून "चिऊ उड, काऊ उड, म्हैस उड" घेत असेल. पहिली फेरी मोठ्या आवाजात, दुसरी हळू, तिसरी कुजबुजत, चौथीत आवाजच नाही, नुसते ओठ. चौथ्या फेरीपर्यंत सगळे ताईच्या तोंडाकडे बघत असतात, आणि त्याच क्षणी वाचणाऱ्याने शेजारी बसून पुस्तक वर धरायचं, "आता गोष्ट सांगते" वगैरे काहीही न म्हणता.

यासाठी तिघं लागतात: एक नळाशी, एक चटईवर, एक पुस्तक घेऊन तयार. कोण कुठे हे आधी ठरलेलं हवं. एकंदर सात-आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा असेल तर चालतं, त्यापेक्षा कमी असतील तर त्या दिवशी पळायचा खेळ न घेता बैठा घ्या.

गोष्टीनंतरची वीस मिनिटं मुलांना पुस्तकं मोकळी द्या, कोणी वाचेल, कोणी चित्रं बघेल, कोणी मघाचंच पुस्तक परत मागेल, आणि ते नक्की द्यायचं, कारण दुसऱ्या-तिसऱ्यांदाच मुलं ओळी स्वतः म्हणायला लागतात. इथे ताई-दादांना एक गोष्ट ठामपणे सांगा की कोणालाही "हे वाचून दाखव बघू" म्हणायचं नाही. चौथी-पाचवीतलं मूल अडखळत असेल तर ते त्याला माहीत असतंच आणि चारचौघांत ते उघडं पडलं की ते क्लबला यायचं बंद होतं. त्याच्या शेजारी बसून दोघांनी एकत्र, एका आवाजात वाचायचं, ते अडलं तर चार सेकंद थांबून शब्द सांगायचा आणि तसंच पुढे. शब्द फोडून, उच्चार सुधारून घ्यायची ही वेळ नाही.

सुरक्षिततेचे नियम, हे तालमीच्या आधीच

खरं तर हे पहिल्या रविवारी पहिल्या अर्ध्या तासातच सांगायचं, आणि लेखी द्यायचं. कोणताही ताई-दादा एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही, दार उघडं आणि दुसरं माणूस दिसेल असं. लहान मुलाला शौचाला नेताना दोघं जातील. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि स्टेटसला लावायचे नाहीत, यावर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं थोडी नाराज होतात पण ऐकतात. अठराच्या आतल्या ताई-दादांसाठी त्यांच्या घरून लेखी परवानगी घ्या, आणि क्लब चालू असताना किमान एक मोठं जबाबदार माणूस हॉलमध्ये असायलाच हवं.

एखादं मूल घरात किंवा बाहेर कोणी मारतं, नको तसा हात लावतं असं काही बोललं तर ताई-दादांनी काय करायचं याचीही तालीम घ्या, अक्षरशः वाक्यं म्हणून. शांतपणे ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी क्लबच्या जबाबदार माणसाला सांगायचं. मित्रांच्या ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षरही नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हा आपल्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोन फुकट आहे. तो नंबर हॉलच्या भिंतीवर मुलांना दिसेल अशा उंचीवर लावा.

सुरू झाल्यावर

दर शनिवारी मुलं गेल्यावर चटया गुंडाळता गुंडाळता पंधरा मिनिटं बोला. तीन प्रश्न: आज कोणतं मूल बोललं जे एरवी बोलत नाही, कुठे आपला आवाज चढला, पुढच्या वेळी कोण काय वाचणार. एका वहीत तारीख, पुस्तक आणि खेळ एवढंच लिहा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार कामाचं असतं, कारण आवाज बहुतेक एकाच जागी चढतो, नळाशी किंवा पुस्तकं घरी न्यायची नोंद करताना, आणि मग कळतं की तिथे माणूस कमी आहे. नोंदीला एकाऐवजी दोन वह्या करा, मुलामुलींची नावं अर्धी-अर्धी वाटून, रांग लगेच निम्मी होते.

आणि परीक्षांचा विचार आत्ताच करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजवाले एकदम गायब होतात, एनएसएसचे तास भरायला आलेले तर १२० तास झाले की कमी व्हायला लागतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे. वाचणारी एकच ताई चांगली असेल तर तिलाच दर वेळी वाचायला देण्याचा मोह होतो, तो टाळा, तिला महिन्यातून दोन शनिवार बघणाऱ्याची वही द्या. जो जाणार आहे त्याने जायच्या आधी दोन शनिवार नवीन माणसाला शेजारी घेऊन काम करायचं, पहिल्या शनिवारी नवीन माणूस बघेल, दुसऱ्या शनिवारी तो करेल आणि जुना बघेल. पुस्तकात लावलेल्या थांब्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकू नका, नवीन माणसाला तिथूनच सुरुवात करता येते, नंतर तो आपल्या मनाने त्या हलवेल.